मंगल कार्यालयात आई घसरून पडल्या, तर जबाबदार कोण?

प्रश्न: वकीलताई, नमस्कार. गेल्या महिन्यात मावसबहिणीच्या लग्नाला आम्ही कराडला गेलो होतो. जेवण झाल्यावर आई मंगल कार्यालयाच्या बेसिनकडे हात धुवायला गेली आणि तिथल्या पाण्यावरून घसरून पडली. उजवं मनगट मोडलं, ऑपरेशन करून प्लेट घालावी लागली. आई ६७ वर्षांची आहे, घरी ब्लाउज शिवते. ते काम बंद आहे. नंतर कळलं की एका बेसिनचा पाइप सकाळपासून गळत होता, पहिल्या पंगतीच्या वेळी एक मुलगाही तिथेच घसरला होता आणि आचाऱ्याच्या माणसानं ते मॅनेजरना सांगितलंही होतं. खर्चाचं बोलायला गेलो तर मॅनेजर म्हणाले, "हॉल मुलीच्या वडिलांनी घेतला होता, तुमचा-आमचा व्यवहार काय? आम्ही ढकललं का त्यांना? भिंतीवर पाटी आहे, अपघातास व्यवस्थापन जबाबदार नाही. आणि या वयात हाडं ठिसूळच असतात." कायद्यानं आम्हाला काही मागता येतं का? आईला गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सुचवलं होतं, पडल्यापासून गुडघा जास्त दुखतो. तो खर्चही धरता येईल का? आणि दावा केला तर मावशीच्या घरच्यांना त्रास होईल का? — एक वाचक, सातारा

उत्तर: नमस्कार. मनगटाच्या खर्चाचा दावा नक्की उभा राहू शकतो. गुडघ्याच्या ऑपरेशनचा, तुम्ही लिहिलंय त्यावरून, नाही. मावशींच्या घरच्यांना यात ओढायचं कारण नाही. हे असं का, ते नीट समजून घ्या, कारण मॅनेजरशी किंवा त्यांच्या वकिलाशी बोलताना त्याचाच उपयोग होईल.

तुमचं प्रकरण टॉर्टच्या, म्हणजे अपकृत्यांच्या कायद्यात येतं. करार नसतानाही एखाद्याच्या चुकीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई मागण्याचा हा कायदा. त्यातल्या निष्काळजीपणासाठी आपल्याकडे कलमांचं वेगळं पुस्तक नाही. हा कायदा मुख्यतः निकालांमधून घडला आहे, आणि त्यातली मूळ तत्त्वं इंग्लंडच्या न्यायालयांकडून आपल्या न्यायालयांनी घेतली आहेत. न्यायाधीश तीन गोष्टी क्रमाने पाहतात. समोरच्यावर तुमच्या आईंची काळजी घेण्याचं कर्तव्य होतं का? ते त्यानं मोडलं का? आणि मोडल्यामुळेच नुकसान झालं का? तिन्हींचं उत्तर 'हो' यावं लागतं. दोन पक्की आणि तिसरं कच्चं असलं तरी दावा पडतो.

मॅनेजरांचं पहिलं वाक्य कर्तव्याबद्दल आहे. पैसे मुलीच्या वडिलांनी दिले, पावती त्यांच्या नावाची, मग पाहुण्यांचा संबंध काय? एके काळी हा युक्तिवाद चालत असे. तो मोडला स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावातल्या एका बाटलीनं. १९२८ च्या ऑगस्टमध्ये एक बाई मैत्रिणीबरोबर तिथल्या कॅफेत गेल्या. मैत्रिणीनं त्यांच्यासाठी जिंजर बीअर मागवली. बाटली गडद रंगाची, आतलं काही दिसत नव्हतं. अर्धी पिऊन झाल्यावर उरलेली ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असं बाईंचं म्हणणं. त्या आजारी पडल्या. पण बाटली त्यांनी विकत घेतलीच नव्हती, त्यामुळे कराराच्या जोरावर त्यांना कोणाकडेच काही मागता येत नव्हतं. त्यांनी थेट बाटली भरणाऱ्या उत्पादकावर दावा केला आणि तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गोगलगाय खरोखर होती की नव्हती, हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. लॉर्ड्सपुढे प्रश्न एवढाच होता की असं घडलं असेल, तर दावा चालतो का? १९३२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी उत्तर आलं: चालतो. हाच तो 'डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन' खटला.

त्यात न्यायाधीश लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी शेजाऱ्याचं तत्त्व मांडलं. कायद्याच्या दृष्टीनं माझा शेजारी म्हणजे भिंतीपलीकडे राहणारा नव्हे. माझ्या कृतीचा किंवा हयगयीचा ज्यांना इतका जवळून आणि थेट फटका बसू शकतो की वागताना ते माझ्या डोळ्यांसमोर असायलाच हवेत, ते सगळे माझे शेजारी. आता हे मंगल कार्यालयाला लावून पाहा. त्यांचा धंदाच लोक जमवण्याचा आहे. हॉल एकाच्या नावावर घेतला जातो, पण तिथे चारपाचशे माणसं जेवणार, जेवली की हात धुणार, त्यांत म्हातारी माणसं असणार, पोरं पळणार, हे बुकिंग घेतानाच मालकाला माहीत असतं. म्हणून कर्तव्य पावतीवर ज्याचं नाव आहे त्याच्यापुरतं उरत नाही, पंगतीला बसणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोचतं.

या कर्तव्याला हद्द आहे, आणि ती हद्द ताब्याची आहे. आई फाटकाबाहेरच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात पडल्या असत्या, तर कार्यालयाला धरता आलं नसतं, कारण तो रस्ता त्यांच्या हातात नाही. मावशींच्या घरच्यांचंही तेच. त्यांनी हॉल एका दिवसापुरता घेतला होता. नळ, पाइप, फरशी, सफाईची माणसं यांतलं काहीच त्यांच्या ताब्यात नव्हतं. म्हणून त्यांना प्रतिवादी करायची गरज नाही. त्यांची साक्ष मात्र लागेल, आणि तेवढं बोलणं त्यांच्याशी आधीच करून ठेवा.

आता दुसरी पायरी, कर्तव्यभंगाची. असले बहुतेक दावे इथेच जिंकले किंवा हरले जातात, म्हणून इथे थोडं थांबू. "आम्ही ढकललं का?" हा प्रश्नच इथे गैरलागू आहे. मुद्दाम इजा करणं हे वेगळं अपकृत्य आहे. निष्काळजीपणात हेतू पाहत नाहीत. त्या जागी समजूतदार, साधारण काळजी घेणारा कार्यालय-चालक असता तर त्यानं काय केलं असतं, आणि यांनी त्यापेक्षा कमी केलं का, एवढंच पाहतात. न केलेली गोष्टही यात मोजली जाते.

पण फरशी ओली होती आणि आई पडल्या, एवढ्यावर कर्तव्यभंग सिद्ध होत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण तुमचा सगळा भर पाण्यावर आहे. लंडनजवळच्या एका कारखान्यात मोठ्या पावसाचं पाणी शिरलं आणि ते तेलात मिसळून जमीन निसरडी झाली. मालकांनी असेल नसेल तेवढा लाकडाचा भुसा जमिनीवर टाकला, पण तो सगळीकडे पुरला नाही. न पुरलेल्या जागी एक कामगार घसरला आणि त्याच्या घोट्याला इजा झाली. १९५३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं त्याचा दावा फेटाळला. पूर अचानक आला होता, मालकांनी हाताशी होतं ते सगळं केलं होतं, आणि तेवढ्या धोक्यासाठी अख्खा कारखाना बंद करायला हवा होता असं म्हणता येत नव्हतं. फरशी निसरडी होती, माणूसही जखमी झाला, तरी कर्तव्यभंग नव्हता. 'लॅटिमर विरुद्ध एईसी' हा तो निकाल. कार्यालयाचा वकील हुशार असेल तर याच वाटेनं जाईल. तो म्हणेल, बेसिनपाशी थोडं पाणी असायचंच, लग्नात कोण किती पाणी सांडतं यावर आमचा काय ताबा?

त्याला उत्तर देण्यासाठी पाणी कशामुळे आलं, किती वेळ होतं, कोणाला माहीत होतं आणि ते आवरायला किती कष्ट पडले असते, हे दाखवावं लागेल. आईंच्या आधी अर्ध्या मिनिटात कोणाच्या हातून मठ्ठ्याचा पेला सांडला असता आणि त्यावरून त्या घसरल्या असत्या, तर मी तुम्हाला दावा करू नका असंच सांगितलं असतं. कितीही दक्ष मालक अर्ध्या मिनिटात तिथे पोचला नसता. तुमच्याकडे तसं नाही. पाइप सकाळपासून गळत होता. मुलगा पडला, म्हणजे धोका नुसता कल्पनेतला राहिला नव्हता. मॅनेजरना सांगितलं गेलं, म्हणजे त्यांना माहीतही होतं. आणि उपाय काय होता? बेसिनखालचा कॉक बंद करून ते एक बेसिन वापरातून काढायचं, फरशी पुसून घ्यायची, समोर खुर्ची आडवी लावायची. पाच मिनिटांचं काम, खर्च जवळजवळ शून्य. लॅटिमरच्या मालकाला कारखाना बंद करावा लागला असता, यांना एक कॉक बंद करायचा होता. धोका मोठा आणि टाळण्याचा खर्च क्षुल्लक असेल, तेव्हा न्यायालय टाळाटाळ करणाऱ्याला सोडत नाही.

उद्या ते फिरून म्हणतील की आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. तेवढ्यानंही सुटका होत नाही. दिल्लीच्या चांदणी चौकात घंटाघर कोसळून माणसं गेली होती. नगरपालिका म्हणाली, दोष आतला होता, दिसत नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं १९६६ मध्ये ते मानलं नाही. बांधकाम ८० वर्षांचं, त्यातल्या चुन्याच्या मसाल्याचं आयुष्य ४० ते ४५ वर्षांचं, वरून रस्त्यावर माणसांची गर्दी. अशा वेळी वेळोवेळी तपासणी करणं हेच कर्तव्य होतं, आणि ती झालीच नव्हती. म्हणजे माहीत नव्हतं एवढं सांगून भागत नाही, माहीत करून घ्यायला हवं होतं का, हेही पाहिलं जातं. सकाळपासून गळणारा पाइप पंगत उठेपर्यंत कोणी पाहिला नसेल, तर देखरेख नव्हती असाच त्याचा अर्थ होतो.

पाटीचं काय? पाट्या दोन प्रकारच्या असतात. 'फरशी ओली आहे, सावकाश चाला' ही इशाऱ्याची पाटी. ती बेसिनसमोर, दिसेल अशी लावली असती तर काळजी घेतल्याचा तो एक पुरावा ठरला असता. 'अपघातास व्यवस्थापन जबाबदार नाही' ही पाटी कोणाला धोक्यापासून वाचवत नाही, नुसती जबाबदारी झटकते. आईंनी कार्यालयाशी कसला करारच केला नव्हता, मग करारातली अट म्हणूनही ती त्यांना बांधत नाही. अशा पाटीचा धाक धरून लोक आपला हक्क सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तिसरी पायरी नुकसानाची. आई घसरल्या असत्या, साडी भिजली असती आणि उठून त्या घरी गेल्या असत्या, तर कर्तव्य तेच, कर्तव्यभंग तोच, पण भरपाई मागण्यासारखं काही नव्हतं. निष्काळजीपणाचा दावा प्रत्यक्ष नुकसानाशिवाय उभा राहत नाही. त्या मुलाचं नेमकं तसंच झालं असेल, तर त्याच्या आईवडिलांना काही मागता येणार नाही, पण तुमच्या दाव्यात ते मोलाचे साक्षीदार आहेत.

नुकसान आणि हयगय यांच्यामधला दुवाही दाखवावा लागतो. कसोटी सोपी आहे: पाइप दुरुस्त असता तरी हे झालं असतं का? मनगटाचं उत्तर 'नाही'. गुडघ्याचं ऑपरेशन मात्र पडण्याच्या दोन वर्षं आधीच सुचवलेलं होतं, म्हणजे पाइप ठीक असता तरी ते करावंच लागलं असतं. तो खर्च या दाव्यात घालू नका. घातलात तर समोरचा वकील जुने कागद काढेल आणि खऱ्या खर्चाबद्दलही न्यायाधीशांच्या मनात शंका येईल. पडल्यामुळे गुडघ्याचं दुखणं वाढलं, असं अस्थिरोगतज्ज्ञांनी जुने आणि नवे एक्स-रे पाहून लेखी दिलं, तर त्या वाढीव भागापुरतं मागता येईल. तसं पत्र मिळालं नाही तर गुडघा बाजूला ठेवा.

ठिसूळ हाडांचा मुद्दा ऐकायला गुडघ्यासारखाच वाटतो, पण तसा नाही. पडण्याआधी मनगट मोडलेलं नव्हतं; नाजूक असेल, पण धड होतं. ज्याला इजा झाली तो जसा आहे तसा स्वीकारावा लागतो, हे या कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. विशीतल्या मुलीला नुसता मुका मार लागला असता, तिथे ६७ वर्षांच्या बाईचं हाड मोडलं, म्हणून भरपाई कमी होत नाही. लग्नात वयस्क माणसं येणार हे तर त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

आकडे तुम्ही कळवलेले नाहीत, म्हणून हिशेब कसा मांडायचा ते नमुन्यादाखल दाखवते. समजा, ऑपरेशन आणि हॉस्पिटलचे १,३८,००० रुपये, औषधं आणि फिजिओथेरपीचे २२,०००. शिवणकामातून महिना ९,००० येत असतील आणि तीन महिने काम बंद राहिलं, तर २७,०००. घरकामाला बाई ठेवली, महिना ६,०००, तीन महिन्यांचे १८,०००. बेरीज २,०५,०००. सोसलेल्या वेदनांचे पैसे न्यायालय आपल्या अंदाजानं वेगळे ठरवतं. शिवणकामाचं उत्पन्न नुसतं सांगून चालत नाही. आई मापं आणि रकमा लिहून ठेवत असतील ती वही, यूपीआयवर आलेले पैसे, दोन-तीन नेहमीच्या गिऱ्हाइकांची साक्ष, असं काहीतरी लागेल.

यातून वजाबाकी होऊ शकते. आई फोनवर बोलत चालत होत्या का, पाणी ढळढळीत दिसत असताना आणि शेजारी कोरडी जागा असताना त्या पाण्यातूनच गेल्या का, हे विचारलं जाईल. इजा झालेल्याची स्वतःचीही काही चूक असेल, तर दावा बुडत नाही, पण भरपाई तेवढ्या प्रमाणात घटते. न्यायालयानं त्यांचा वाटा २० टक्के धरला, तर वरच्या हिशेबातले ४१,००० जाऊन १,६४,००० उरतील. म्हणून आईंना आत्ताच शांतपणे विचारा आणि जे झालं ते तसंच लिहून ठेवा. उलटतपासणीत पहिल्यांदा कळण्यापेक्षा ते बरं.

हे सगळं सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर आहे. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, तुमचं म्हणणं समोरच्यापेक्षा अधिक संभवनीय आहे एवढं पुरतं. पण तुमच्या पत्रात एक कच्चा दुवा आहे, 'नंतर कळलं' हा. कोणाकडून तरी ऐकलेली गोष्ट तुम्ही न्यायालयात सांगून उपयोग नाही. ज्यानं पाहिलं किंवा सांगितलं त्यानंच यायला हवं. आचाऱ्याचा माणूस त्याच कार्यालयात वरचेवर कामाला जातो, तो कदाचित मागे सरेल. त्यामुळे त्या मुलाचे आईवडील शोधा. फोटोग्राफरकडे लग्नाचं कापाकापी न केलेलं चित्रीकरण असतं. पंगतीच्या मागे बेसिनं आणि फरशीवरचं पाणी त्यात दिसण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्यावर वेळही असते. ते आजच मागून घ्या. कार्यालयाच्या सीसीटीव्हीवर जुन्या चित्रणावर नवं चढतं. महिना होऊन गेलाय, तरी 'त्या दिवसाचं चित्रण जपून ठेवा' असं स्पीड पोस्टानं कळवा. चित्रण असूनही त्यांनी दिलं नाही, तर ते त्यांच्याविरुद्ध जाऊ शकतं.

हॉस्पिटलचा पहिला केसपेपरही काढून पाहा. दाखल करताना 'मंगल कार्यालयात ओल्या फरशीवर घसरून पडल्या' असं लिहिलं असेल तर उत्तम. घाईगडबडीत कोणी 'घरी पडल्या' असं सांगितलं असेल, तर तो कागद समोरच्याच्या हातातलं सर्वांत मोठं शस्त्र ठरेल. तसं असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. आचाऱ्याच्या माणसांनी पाण्याचे पिंप ओढताना फरशी भिजवली, असा बचाव कार्यालय घेईल असं वाटलं, तर केटररलाही प्रतिवादी करावं लागेल. गळणारा पाइप मात्र कार्यालयाचाच.

आधी वकिलामार्फत नोटीस पाठवा, त्यात पाइप, मुलाचं पडणं, दिलेली सूचना आणि खर्चाचा तक्ता या क्रमानं लिहा. तेवढ्यावर मिटलं नाही तर दोन रस्ते आहेत. दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा करता येतो, त्याला साधारणपणे घटनेपासून तीन वर्षांची मुदत असते. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देणाऱ्याच्या संमतीनं सेवेचा लाभ घेणाराही ग्राहक मानला जातो, त्यामुळे बोलावलेल्या पाहुण्याला तिथे जाता येतं असं माझं मत आहे. कार्यालय मात्र याच मुद्द्यावर हरकत घेईल, त्याची तयारी ठेवा. तिथली मुदत दोन वर्षांची. तुमचं प्रकरण पाहता, साक्षीदार फार नाहीत आणि कागद बरेच आहेत, तर मी आधी आयोगाचा विचार केला असता. वकील ठरवताना त्यांना हा प्रश्न विचारा, आणि दोन वर्षांचीच मुदत धरून चाला.